केसांमागचं वर्तुळ बदलताना: चॅनल मास्कच्या या चुका टाळा

बेळगावात खडेबाजारातल्या एका साडीवाल्या काकांचा ग्लो साइन बोर्ड बदलायचा होता. बोर्डवर त्यांच्या पुतणीचा फोटो, इरकल नेसलेली, केस मोकळे, कानामागे मोगऱ्याचा गजरा. तिच्या डोक्यामागे मोठं लाल वर्तुळ आणि त्यात पांढऱ्या अक्षरांत दुकानाचं नाव मराठीत. कर्नाटकात २०२४ च्या दुरुस्तीनंतर दुकानांच्या फलकांवर ६० टक्के भाग कन्नडमध्ये असावा लागतो. त्यामुळे नाव आता वर कन्नडमध्ये आणि खाली मराठीत लिहायचं होतं. दोन ओळी बसवायला वर्तुळ मोठं हवं होतं, आणि काकांना लालचा कंटाळा आला होता, म्हणून रंग गडद हिरवा. पहिलं डिझाइन ज्यानं केलं तो मुलगा पुण्याला गेला. लेयर असलेली फाइल कुणाकडेच नव्हती. हातात होती फक्त एक सपाट जेपीजी, ४००० पिक्सेल रुंद.

म्हणजे काम असं: फोटोशॉपमध्ये मागचं वर्तुळ काढून नवं घालायचं, पण ते मुलीच्या केसांमागून जायला हवं. केसांच्या बटा वर्तुळावर पसरलेल्या, काही बटा वर्तुळाची कड ओलांडून बाहेरच्या क्रीम रंगावर गेलेल्या.

आमच्याकडच्या पोरानं हे काम आधी अर्ध्या तासात उरकलं होतं. काकांनी मोबाइलवर बघितलं आणि फोन केला, "पोरीच्या केसाला लाल लाल काय दिसायलंय ओ? मेंदी लावल्यासारखं?" त्या फाइलमध्ये काय काय चुकलं होतं ते शोधत बसलो. त्यातलं बरंच मीही कधी ना कधी केलेलं आहे.

पहिली चूक: सगळ्यात जास्त कॉन्ट्रास्टचा चॅनल घेणं

चॅनलवरून मास्क करायला शिकवताना सगळे एकच सांगतात: रेड, ग्रीन, ब्लू तिन्ही बघा आणि ज्यात केस आणि मागची बाजू यांत सर्वांत जास्त फरक दिसेल तो घ्या. मागे एकच रंग असेल तर हे बरोबर आहे. आपल्याकडे मागे तीन गोष्टी आहेत: लाल वर्तुळ, त्यातली पांढरी अक्षरं आणि बाहेरचा क्रीम. पोरानं ग्रीन चॅनल घेतला होता, कारण केस क्रीमवर तिथे उठून दिसत होते. पण त्याच चॅनलमध्ये लाल वर्तुळ जवळजवळ काळं असतं. वर्तुळावरच्या बटा त्यात विरघळून गेल्या, आणि त्यानं त्या ब्रशनं अंदाजानं काढल्या.

आयड्रॉपर घेऊन आकडे बघितले तर उत्तर समोरच असतं. इन्फो पॅनेलमध्ये मला साधारण असे आकडे मिळाले. केस: रेड ४०, ग्रीन ३०, ब्लू २८. लाल वर्तुळ: २००, ४०, ४५. क्रीम: २४५, २३२, २००. पांढरी अक्षरं तिन्हीत २५५ च्या आसपास. आता फक्त रेडचे आकडे ओळीत ठेवा. वर्तुळ २००, क्रीम २४५, अक्षरं २५५, आणि केस ४०. मागच्या तिन्ही गोष्टी उजळ, केस एकटे काळे. रेड चॅनल उघडला की लाल वर्तुळ फिकट राखाडी होतं, त्यातली अक्षरं पुसट होतात, आणि केस पांढऱ्या भिंतीसमोर धरल्यासारखे दिसतात.

म्हणून मी नियम उलटा करून सांगतो. जो ग्राफिक काढायचा आहे, तो ज्या चॅनलमध्ये नाहीसा होतो तो चॅनल शोधा. लाल ग्राफिक रेडमध्ये नाहीसा होतो. पिवळा किंवा भगवा असेल तरी रेडच बघा, कारण दोन्हींत रेडचा आकडा मोठा असतो. निळा असेल तर ब्लू. गडद ग्राफिकसमोर काळे केस असतील, उदाहरणार्थ काळ्या पट्टीसमोर, तर कुठल्याच चॅनलमध्ये काही मिळत नाही. तिथे वेळ न घालवता केस हातानं रंगवावेत.

चॅनल निवडला की त्याची प्रत काढा. चॅनल पॅनेलमध्ये रेडवर राइट क्लिक, `Duplicate Channel`. मूळ रेडवरच लेव्हल्स फिरवल्या तर सगळ्या फोटोचे रंग बिघडतात. हे इतकं लगेच दिसतं की बहुतेक जण एकदाच करतात. घोटाळा होतो तो प्रत काढल्यावर परत मूळ चॅनल निवडला गेला तर. पॅनेलमध्ये कोणत्या ओळीवर पट्टी आहे ते एकदा बघून घ्या.

दुसरी चूक: लेव्हल्स करकचून आवळणं

प्रतीवर `Ctrl+L` दाबून लेव्हल्स उघडल्या की हात आपोआप काळी आणि पांढरी खूण एकमेकांजवळ नेतो. केस कुळकुळीत, मागचं पांढरंशुभ्र, बघायला छान. पोरानं काळी खूण ११० वर आणि पांढरी १३० वर आणली होती. त्यामुळे मास्कमध्ये राखाडी काही उरलंच नाही. एखादा केस पिक्सेलच्या अर्ध्याच रुंदीचा असतो तेव्हा त्या पिक्सेलची जागा राखाडीच असायला हवी. ती एकतर पूर्ण काळी झाली किंवा पूर्ण पांढरी. त्यातून केसांच्या जागी तारा दिसतात, तुटक आणि जाड. आमच्याकडे याला "झाडूचे केस" म्हणतात.

हिशोब करून बघू. समजा एका पिक्सेलमध्ये अर्धा केस आणि अर्धं लाल वर्तुळ आहे. रेडमध्ये त्याचा आकडा ४० आणि २०० च्या मध्ये, म्हणजे १२० येईल. लेव्हल्सनंतर हा आकडा साधारण मधोमधच राहायला हवा, तरच मास्क "अर्धा केस" असं बरोबर सांगेल. म्हणून काळी खूण केसांच्या आकड्याजवळ, मी ४५ ठेवली. पांढरी खूण वर्तुळाच्या आकड्याच्या जरा खाली, कारण जेपीजीच्या दाण्यांमुळे वर्तुळ सगळीकडे बरोबर २०० नसतं, कुठे १९० असतं कुठे २०८. मी १८८ ठेवली. मधली खूण, म्हणजे गॅमा, १.०० वरच. आता १२० चा पिक्सेल जवळजवळ अर्ध्यावर पडतो. वर्तुळ पूर्ण पांढरं होतं. क्रीम आणि अक्षरं १८८ च्या वरच होती, तीही पांढरी. आणि जुन्या वर्तुळाची कड, जी ग्रीनमध्ये केसांतून आडवी जाताना स्पष्ट दिसते, ती इथे नाहीशी होते.

एक बारकी गोष्ट राहते. क्रीमवरच्या बटांसाठी हा हिशोब थोडा कमी पडतो. तिथे अर्ध्या केसाचा पिक्सेल ४० आणि २४५ च्या मध्ये, म्हणजे १४२ च्या आसपास असतो. १८८ च्या खुणेनं तो जास्त उजळ होतो आणि क्रीमवरच्या बटा विरळ पडतात. वर्तुळ आहे तेवढंच राहणार असतं तर मी लक्षही दिलं नसतं. इथे नवं वर्तुळ मोठं होतं, जुन्या कडेबाहेर साधारण दोनशे पिक्सेलची पट्टी आता क्रीमऐवजी हिरवी होणार होती. म्हणून रेडची दुसरी प्रत काढून तिची पांढरी खूण २३५ ला ठेवली. मग गोल सिलेक्शननं जुन्या वर्तुळाच्या आतला भाग पहिल्या प्रतीतून घेतला आणि बाहेरचा दुसऱ्या प्रतीतून, दोन्ही एका चॅनलमध्ये जोडले. सिलेक्शनला १ पिक्सेल फेदर दिला. आतल्या आणि बाहेरच्या बटा आता सारख्या दाट दिसतात.

एवढं झाल्यावर चॅनल उलटा करा, `Ctrl+I`. केस पांढरे, मागचं काळं. मास्कमध्ये पांढरं म्हणजे ठेवा, काळं म्हणजे झाका.

डोक्याच्या आतल्या भागात भोकं दिसतील. केसांवर उजेड पडून चमकणारा पट्टा रेडमध्ये १३० पर्यंत जातो, मास्कला तो अर्धवट वर्तुळच वाटतो. लॅसोनं डोक्याचा आतला भाग, कडेपासून चांगलं आत राहून, पांढऱ्यानं भरा. कडेजवळ ब्रश लागलाच तर त्याचा मोड `Overlay` ठेवा. त्या मोडमध्ये पांढरा ब्रश आधीच उजळ असलेल्या राखाडीला आणखी उजळवतो, आणि पूर्ण काळ्याला हात लावत नाही. साध्या मोडच्या ब्रशनं कडेवर एक फेरी मारली की तासाभराचं काम गेलं.

मेंदी लावलेल्या केसांचं मात्र दुखणं वेगळं आहे. त्यांचा रेडचा आकडा मोठा असतो, लाल वर्तुळाच्या जवळ सरकलेला, आणि रेड चॅनलमध्ये फरक कमी उरतो. आमच्याकडे वाढदिवसाच्या बॅनरवर काकी-मावशींचे फोटो आले की मी आधी केसांचा आकडा बघतो, मग पैसे सांगतो.

तिसरी चूक: एकच चॅनल सगळीकडे चालेल असं धरणं

केसांचं जमलं म्हणून खूश होऊन पोरानं... खरं तर इथे पोराचं नाव घ्यायला नको, ही चूक माझी. उलटा केलेला मास्क लावला आणि गजरा गायब. कानामागे भोक, त्यातून हिरवं वर्तुळ.

कारण उघड आहे. मोगरा पांढरा, म्हणजे रेडमध्येही पांढरा, वर्तुळाइतकाच उजळ. जो चॅनल पांढरी अक्षरं नाहीशी करतो, तो पांढरी फुलंही नाहीशी करणारच. त्याला अक्षर कोणतं आणि कळी कोणती हे कळत नाही.

गजऱ्यासाठी ग्रीन चॅनल घ्यायचा. तिथे वर्तुळ ४०, केस ३०, पाकळ्या २३५ च्या आसपास. म्हणजे पाकळ्या एकट्या उजळ. ग्रीनची प्रत काढून काळी खूण ६० आणि पांढरी २०० वर आणली. इथे उलटं करायचं नाही, पाकळ्या आधीच पांढऱ्या आहेत. गजऱ्याबाहेरचं सगळं काळ्या ब्रशनं पुसून टाकलं: चेहरा, क्रीम, आणि विशेषतः ती पांढरी अक्षरं. गजऱ्याला चिकटून एक वेलांटी होती, तिची आणि कळीची कड एकमेकींत मिसळलेली. तेवढी हातानं काढली. मग त्या प्रतीच्या थंबनेलवर `Ctrl` धरून क्लिक केलं की पाकळ्यांचं सिलेक्शन होतं. केसांच्या मास्कवर जाऊन त्यात पांढरा रंग भरला. दोन्ही एकत्र.

तरी झूम करून बघितल्यावर कळ्यांभोवती बारीक हिरवी रेघ दिसत होती, कळी आणि केस यांच्या मधोमध. याचं कारण समजायला मला वेळ लागला. त्या सीमेवरच्या पिक्सेलमध्ये अर्धी कळी आणि अर्धा केस असतो. रेडची प्रत म्हणते "अर्धाच केस", ग्रीनची प्रत म्हणते "अर्धीच कळी". जोडल्यावर साधारण पाऊण भरतं, पूर्ण नाही. पण तिथे मागचं वर्तुळ मुळीच नाही, पिक्सेल पूर्णच ठेवायला हवा. गजऱ्याची केसांकडची बाजू म्हणूनच छोट्या पांढऱ्या ब्रशनं भरून टाकायची. बाहेरची, वर्तुळाकडची बाजू तशीच सोडायची.

कान आणि मानेची कड मी चॅनलवर सोडतच नाही. त्वचा रेडमध्ये २०५ च्या आसपास, वर्तुळ २००, फरक शून्य. पेन टूलनं पाथ काढायचा, सिलेक्शन करताना अर्धा-एक पिक्सेल फेदर द्यायचा, पांढरं भरायचं. खांद्यावरचा पदरही तसाच. पाथ जिथे केसांना भेटतो तिथे तो केसांच्या खालून थोडा आत घुसवा, म्हणजे सांध्यात फट राहत नाही.

चौथी चूक: मास्क बरोबर आला म्हणजे काम झालं असं समजणं

काकांना दिसलेलं लाल इथलं आहे. पोराचा मास्क कसाही असो, अगदी माझा सुधारलेला मास्क लावला तरी ते लाल गेलं नसतं. मास्क फक्त सांगतो की कुठला पिक्सेल किती ठेवायचा. त्या पिक्सेलच्या रंगात मुरलेलं जुनं वर्तुळ तो काढत नाही.

तोच अर्ध्या केसाचा पिक्सेल घ्या. त्याचा रंग केस आणि लाल वर्तुळ यांची सरासरी: १२०, ३५, ३६. म्हणजे तो केसाच्या रंगाचा नाहीच, तो विटकरी आहे. मास्कनं तो अर्धा ठेवला आणि खाली नवा हिरवा, समजा १५, ८५, ५५. उत्तर येतं साधारण ६८, ६०, ४६, म्हणजे तपकिरी. खरं तर तिथे अर्धा केस आणि अर्धा हिरवा असायला हवा होता, म्हणजे २८, ५८, ४२. ग्रीन आणि ब्लू जवळपास बरोबर, रेड मात्र दुपटीहून जास्त. हाच काकांचा मेंदीचा रंग.

अक्षरांच्या जागी आणखी गमतीशीर होतं. जिथे बट पांढऱ्या अक्षरावरून जात होती, तिथे पिक्सेलमध्ये लालऐवजी पांढरं मुरलेलं. सगळं वर्तुळ हिरवं झालं, नवं कन्नड नाव बसलं, आणि केसांच्या कडेला जुन्या मराठी नावातल्या अक्षराचा एक राखाडी तुकडा तसाच राहिला. अक्षर गेलं, भूत उरलं. कडेवर ठरावीक आकाराचा फिकट डाग दिसला की समजा, जुना मजकूर मुरलाय.

उपाय मास्कमध्ये नाही, रंगात आहे. मुलीच्या लेयरवर एक नवा लेयर घ्या आणि `Ctrl+Alt+G` दाबून तो खालच्याला क्लिप करा, म्हणजे तो मुलीच्या मास्कबाहेर जाणार नाही. त्याचा मोड `Darken` करा. ब्रश घेऊन `Alt` धरून जवळच्याच दाट केसांचा रंग उचला आणि फक्त कडेच्या विरळ बटांवरून फिरवा. `Darken` प्रत्येक चॅनलमध्ये दोनपैकी कमी आकडा घेतो. १२० आणि ४० मध्ये ४०, ३५ आणि ३० मध्ये ३०. लाल निघून जातं. जे केस आधीच याहून काळे आहेत ते तसेच राहतात, म्हणून बटांचा पोत मरत नाही. पांढऱ्या अक्षराचं भूतही यातच जातं. काही जण इथे `Color` मोड वापरतात. त्यानं लाल जातं, पण भूत जात नाही, कारण त्यात रंग नाहीच, नुसता फिकेपणा आहे.

डोक्याच्या आत मात्र हा ब्रश नेऊ नका. केसांवरची चमक उजळ असते, `Darken` ती खाऊन टाकतो आणि डोकं डांबर ओतल्यासारखं दिसतं. बटांच्या वेगवेगळ्या भागांत रंग दोन-तीनदा पुन्हा उचला. उजेडाकडची बट जरा तपकिरी असते, सावलीतली काळीभोर.

गजऱ्याला याच्या उलट. पाकळ्यांच्या कडेला लाल मुरून गुलाबी छटा येते. तिथे वेगळा क्लिप केलेला लेयर, मोड `Lighten`, रंग पाकळीचा. गुलाबी जाते.

सिलेक्ट अँड मास्कमध्ये `Decontaminate Colors` नावाचा पर्याय आहे, तो हेच काम स्वतः करायचा प्रयत्न करतो. एकाच रंगाच्या मागच्या बाजूवर तो ठीक चालतो. आमच्या फाइलवर त्यानं गजऱ्याजवळच्या केसांत पाकळीचा पांढरा ओढला आणि कानाजवळच्या बटांना त्वचेचा रंग दिला. मी हातानंच केलं.

पाचवी चूक: संपूर्ण मुलगी कापून काढणं

ही चूक लेयर रचण्याची आहे, आणि ती सुरुवातीलाच होते. पोरानं पूर्ण मुलगी कापून वेगळी केली, मागे नवीन क्रीम, त्यावर नवं वर्तुळ, त्यावर मुलगी. त्यामुळे क्रीमवर उडणाऱ्या सगळ्या बटा, ज्यांना काहीच झालं नव्हतं, त्याही मास्कमधून गेल्या आणि बिघडल्या. ज्या जागेची मागची बाजू बदलत नाही तिथे मास्कचं काम काय?

सगळ्यात खाली मूळ फोटो जसाच्या तसा ठेवा. त्यावर नवं वर्तुळ. ते जुन्याइतकंच असेल तर तीन-चार पिक्सेल मोठं ठेवा, नाहीतर जुन्या लालची बारीक कोर बाहेर डोकावते. त्याच्यावर मूळ फोटोची प्रत, मास्क लावलेली. वर्तुळाबाहेर प्रतीखाली मूळच आहे, म्हणून तिथे मास्क कितीही चुकला तरी काही दिसत नाही: एका पिक्सेलवर तोच पिक्सेल अर्धा ठेवला तरी तोच येतो. तुमची सगळी मेहनत वर्तुळाच्या आतच लागते.

फक्त तो `Darken` चा लेयर याला अपवाद आहे. तो वर्तुळाबाहेर गेला तर तिथल्या अर्ध्या बटा आणखी काळ्या होतात, कारण त्यांच्याखाली तीच बट आधीपासून आहे. दोन्ही रंगवलेल्या लेयरना नव्या वर्तुळाचं सिलेक्शन मास्क म्हणून द्या.

जिथे चॅनल हरतो

हे सगळं मूळ जेपीजी हातात होती म्हणून जमलं. पहिल्यांदा काकांनी तोच फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला होता. त्याचा रेड चॅनल उघडला तर केसांच्या कडेला चौकोनी ठोकळे, आणि प्रत्येक बट दुप्पट जाड. कारण असं की जेपीजीमध्ये उजेड-अंधार आणि रंग वेगळे साठवले जातात, आणि जास्त दाबलेल्या फाइलमध्ये रंगाची माहिती आडवी आणि उभी दोन्हीकडे निम्मीच ठेवलेली असते. लाल वर्तुळ आणि काळे केस यांतला फरक मुख्यतः रंगाचा, म्हणून रेड चॅनल नेमका तिथेच पसरतो. ग्रीन चॅनल उजेडाच्या सर्वांत जवळचा असल्यामुळे तो त्यामानानं स्वच्छ राहतो, पण लालवरच्या काळ्या केसांना त्याचा उपयोग नाही. ब्लू सगळ्यात खराब असतो. अशा फाइलवर मोठ्या बटांपुरता चॅनल वापरायचा, बारीक केस दोन-तीन पिक्सेलच्या ब्रशनं स्वतः काढायचे, किंवा काकांना सांगायचं की फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा. काकांनी दुसऱ्या दिवशी पेनड्राइव्हच आणून दिला.

किती बारकाईनं करायचं, याचाही हिशोब करा. बोर्ड १० फूट रुंद, फाइल ४००० पिक्सेल. म्हणजे फुटाला ४०० पिक्सेल, एक पिक्सेल साधारण पाऊण मिलिमीटर. रस्त्यावरून जाणाऱ्याला एकेक केस दिसणार नाही, तिथे तास घालवू नका. पण लाल कोर पाच-सहा पिक्सेल रुंद होती, म्हणजे चार मिलिमीटरच्या आसपास, संबंध डोक्याभोवती. ती रस्त्यावरून दिसते. आणि ग्लो साइनमध्ये मागून ट्यूब पेटतात, म्हणून फिकट भूत दिवसापेक्षा रात्री जास्त चमकतं.

छपाईआधी मी तीन गोष्टी बघतो. मास्कच्या थंबनेलवर `Alt` धरून क्लिक करतो, नुसता मास्क पडद्यावर येतो, डोक्याच्या आत कुठे राखाडी ठिपका उरलाय का ते दिसतं. मग वर्तुळाचा रंग तात्पुरता शुभ्र करतो, मग गडद काळा. शुभ्रवर झाडूचे केस दिसतात, काळ्यावर भूत आणि लाल कोर. हिरव्यावर दोन्ही थोडीफार लपतात, म्हणून खऱ्या रंगावर तपासून समाधान मानू नये. नंतरच फाइल सीएमवायके करायची. मास्क आधी आरजीबीतच पुरा करा, कारण सीएमवायकेत चॅनल वेगळे होतात आणि तो सोयीचा रेड तिथे नसतो.

बोर्ड लागला त्या रात्री काका आणि मी खडेबाजारात समोरच्या फुटपाथवर उभे राहिलो. ट्यूब पेटल्या. काका म्हणाले, "आता बरं दिसायलंय की." मला मात्र गजऱ्याच्या खाली, मानेजवळ, जुन्या नावातल्या अनुस्वाराचा एक फिका ठिपका दिसला. तिथे `Darken` चा ब्रश फिरवायचा राहिला होता. काकांना अजून दिसलेला नाही.